दुपारी आर्द्रता 27 टक्के आणि संध्याकाळी वळीव: सोलापूरचा हवामान अंदाज कसा वाचावा

प्रश्न: "पंढरपूर तालुक्यात आमचे बेदाण्याचे शेड आहे. एप्रिलमध्ये दुपारी आर्द्रता 27 टक्के दाखवतात आणि त्याच संध्याकाळी वळीव येतो. कधी यलो अलर्ट असतो, वारा पत्रे उडवून नेतो, पण थेंब पडत नाही. मोबाइलवर 'पर्जन्यवृष्टी 40 टक्के' लिहिलेले असते, परदेशी नकाशात 'फ्रंट' दिसतो. हे शब्द नेमके वाचायचे तरी कसे?"

हवामान निरीक्षक म्हणून अनेक वर्षे मी सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच वाजता नोंदी घेतल्या आहेत. तुमच्या प्रश्नातले सगळे शब्द एप्रिल अखेरच्या एकाच दिवसात भेटतात. त्यामुळे व्याख्या देत बसण्यापेक्षा असा एक दिवस नमुन्यादाखल घेऊन तो सकाळपासून पुढे वाचत जाणे मला योग्य वाटते. पुढचे आकडे सोलापूरच्या एप्रिलला शोभणारे आहेत, एखाद्या विशिष्ट तारखेचे नाहीत.

सकाळचे साडेआठ वाजले आहेत. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, म्हणजे स्टीव्हन्सन स्क्रीनमध्ये, दोन तापमापी शेजारी शेजारी टांगलेले असतात. एकाचा फुगा कोरडा असतो आणि दुसऱ्याच्या फुग्यावर ओले मलमल गुंडाळलेले असते. कोरडा 28 अंश दाखवतो, ओला 21.5 अंश. मलमलमधले पाणी उडून जाताना उष्णता घेते, म्हणून ओला तापमापी खाली राहतो. हवा जितकी तहानलेली, तितका हा फरक मोठा. या दोन आकड्यांवरून कोष्टकात पाहिले की दोन उत्तरे मिळतात: सापेक्ष आर्द्रता 55 टक्के आणि दवबिंदू 18 अंश. वृत्तपत्रात आणि दूरचित्रवाणीवर पहिले उत्तर छापतात, दुसरे बहुधा गाळतात. तुमच्या कोड्याची किल्ली मात्र त्या दुसऱ्या उत्तरात आहे.

'सापेक्ष' हा शब्द इथे शब्दशः घ्यायला हवा. 28 अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 27 ग्रॅम बाष्प मावते. आज त्यात सुमारे 15 ग्रॅम आहे, म्हणून आर्द्रता 55 टक्के. दुपारी अडीच वाजता पारा 41 वर जातो. बाष्प जवळपास तेवढेच राहते, पण 41 अंशांच्या हवेत सुमारे 54 ग्रॅम मावू शकते. पंधराला चोपन्नाने भागले की 27-28 टक्के येतात. म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत हवेतून पाणी कुठेही गेलेले नाही. भांडे मोठे झाले, म्हणून तेवढेच पाणी तळाशी दिसू लागले.

याच्या उलट डिसेंबरमधली एक पहाट घ्या. तापमान 14 अंश, आर्द्रता 90 टक्के, ज्वारीच्या पानांवर दव साचलेले. 14 अंशांच्या हवेत मुळात मावतेच सुमारे 12 ग्रॅम, त्यामुळे 90 टक्के म्हणजे सुमारे 11 ग्रॅम. एप्रिलच्या रखरखीत दुपारी 27 टक्के आर्द्रतेच्या हवेत त्या दवभरल्या पहाटेपेक्षा जास्त पाणी आहे. नवख्या निरीक्षकांना हे पहिल्यांदा समजावताना मी हाच हिशेब त्यांच्याकडून कागदावर करून घेत असे, कारण एकदा तो स्वतः केला की आर्द्रतेची टक्केवारी एकटी वाचण्याची सवय सुटते.

दवबिंदू म्हणजे हीच हवा थंड करत नेली तर ज्या तापमानाला तिच्यातले बाष्प पाण्यात उतरू लागेल ते तापमान. तापमान चढले-उतरले तरी जोवर बाष्प तेवढेच आहे तोवर तो फारसा हलत नाही, म्हणून हवेत खरोखर किती पाणी आहे ते तो सांगतो. एप्रिलमध्ये सोलापूरचा दवबिंदू दहा-बारा अंशांवर असेल तर मी वळवाची फारशी अपेक्षा करत नाही. तो दोन दिवसांत 18 च्या पुढे सरकला आणि वारा पूर्व किंवा आग्नेयेकडून येऊ लागला, तर आकाश निरभ्र असले तरी मी सावध होतो. पण एकट्या दवबिंदूवरून पावसाची खात्री देता येत नाही. वरची हवा पुरेशी थंड असावी लागते आणि खालची हवा वर ढकलणारे काहीतरी कारणही लागते.

टक्केवारी निरुपयोगी आहे असे मात्र समजू नका. सुताच्या आणि बेदाण्याच्या दृष्टीने तीच खरी असते. सोलापुरात चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागधारकाला उन्हाळ्यात सूत तुटण्याचा त्रास होतो, कारण कापसाचा धागा हवेतून किती ओल धरतो हे हवेच्या सापेक्ष आर्द्रतेवर ठरते, बाष्पाच्या ग्रॅमवर नाही. शेडमध्ये पाणी फवारून तो ही टक्केवारीच वाढवत असतो. तुमचा बेदाणाही 27 टक्क्यांच्या हवेत झपाट्याने ओल सोडतो आणि सत्तर टक्क्यांच्या हवेत ती परत ओढू लागतो. वाळवणीसाठी टक्केवारी पाहावी आणि पावसाच्या अंदाजासाठी दवबिंदू, एवढी वाटणी लक्षात ठेवली तरी पुरे.

एक सावधगिरी सांगतो, कारण ती मी चुकून शिकलो आहे. सुरुवातीच्या काळात मी ज्या ठिकाणी नोंदी घेत होतो तिथे ओल्या तापमापीला विहिरीचे पाणी घालत असत. आपल्याकडचे पाणी क्षारयुक्त. काही आठवड्यांत मलमल कडक झाले, पाणी नीट वर चढेना आणि ओला तापमापी खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवू लागला. परिणामी भर उन्हाळ्यात आमच्या नोंदीत आर्द्रता वाढलेली दिसत होती आणि बरेच दिवस ती कोणाच्या लक्षात आली नाही. शेजारच्या केंद्रांपेक्षा एकाच केंद्राची आर्द्रता सतत चढी दिसली की पहिला संशय मलमलवर घ्यावा. शेडमध्ये असा तापमापी वापरत असाल तर ऊर्ध्वपातित पाणी घाला आणि मलमल बदलत राहा. शेडमधल्या डिजिटल आर्द्रतामापकावर थेट ऊन किंवा तापलेल्या पत्र्याची झळ येत असेल तर तोही चुकतो, पण उलट्या दिशेने: तो तापमान चढे आणि आर्द्रता कमी दाखवतो.

आता दुपारकडे वळू. तापमान 41, दवबिंदू 18, म्हणजे फरक 23 अंशांचा. जमिनीजवळची हवा वर चढताना थंड होत जाते आणि ढगाचा तळ किती उंचीवर तयार होईल याचा ढोबळ हिशेब असा की फरकाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे 125 मीटर. 23 ला 125 ने गुणले की 2,875 मीटर येतात, म्हणजे ढगाचा तळ जमिनीपासून जवळजवळ तीन किलोमीटर वर. जुलैमध्ये तापमान 30 आणि दवबिंदू 22 असेल तर हाच हिशेब फक्त 1,000 मीटर देतो. यलो अलर्ट असताना वारा पत्रे नेतो आणि थेंब मात्र पडत नाही, याचे कारण या दोन आकड्यांत दडलेले आहे.

एप्रिलच्या ढगातून निघालेल्या थेंबाला जमिनीपर्यंत जवळजवळ तीन किलोमीटर कोरडी, तापलेली हवा ओलांडावी लागते. वाटेत त्याचा मोठा भाग उडून जातो. ढगाखाली लोंबणाऱ्या करड्या झालरी अर्ध्यातच विरताना तुम्ही पाहिल्या असतील. तो न पोचलेला पाऊस असतो. पण उडणारे पाणी उष्णता घेते, जशी ती ओल्या मलमलवरून घेते. त्यामुळे ढगाखालची हवा थंड आणि जड होते, वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून सगळ्या दिशांना पसरते. धुळीची भिंत उठते, 41 अंशांची हवा काही मिनिटांत 27-28 अंशांवर येते, पत्रे आणि शेडनेट उडते. पाऊस जितका वाटेत आटतो, तितका हा झोत बळकट होतो. म्हणजे त्या दिवशी कोरडेपणाच वाऱ्याला जोर देत असतो.

'फ्रंट' या शब्दाशी आपली गाठ इथे पडते. मराठीत त्याला आघाडी म्हणता येईल. दोन वेगळ्या स्वभावाच्या हवेच्या राशी जिथे एकमेकींना भिडतात, ती सीमा म्हणजे आघाडी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतील बर्गन येथे विल्हेल्म बियर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली आणि युद्धातल्या आघाडीवरूनच तिला हे नाव मिळाले. ध्रुवाकडची गार हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा युरोप-अमेरिकेत शेकडो किलोमीटर लांबीच्या रेषेवर भिडते. नकाशात ती निळ्या त्रिकोणांनी किंवा लाल अर्धगोलांनी दाखवतात. सोलापूर उष्णकटिबंधात, 18 अक्षांशाच्याही किंचित दक्षिणेला आहे. इथे असा तापमानाचा मोठा तुटलेपणा नसतो, त्यामुळे तशी आघाडी इथपर्यंत पोचत नाही. परदेशी नकाशातली ती रेषा आपल्या पावसाशी जोडू नये.

आपल्याकडे तिची जागा दुसरी गोष्ट घेते. उन्हाळ्यात हवामान खात्याच्या पत्रकात 'विदर्भापासून मराठवाडा आणि अंतर्गत कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे जाणारी द्रोणीय रेषा' किंवा 'वाऱ्यांची खंडितता' असे शब्द येतात. जमिनीपासून सुमारे एक किलोमीटर उंचीवर या रेषेच्या पश्चिमेला कोरडे वायव्य वारे असतात आणि पूर्वेला बंगालच्या उपसागराकडून बाष्प आणणारे वारे. तापमानातला फरक किरकोळ, बाष्पातला फरक मोठा. दोन्हीकडचे वारे जवळ येतात तिथे हवेला वर जाण्यावाचून वाट नसते. सोलापूर अनेकदा या रेषेच्या आसपास असते, म्हणून ती पन्नास-शंभर किलोमीटर इकडे-तिकडे सरकली तरी आपला दवबिंदू 12 चा 18 किंवा 18 चा 12 होतो. अंदाज चुकण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि त्यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो.

एक आघाडी मात्र सोलापूरला नक्की येते. ढगाखालून पसरणाऱ्या गार झोताची जी पुढची कड असते, तिला हवामानशास्त्रात झोताची आघाडी म्हणतात. ती ढगाच्या पुढे कित्येक किलोमीटर धावते, म्हणून तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही वारा येऊन धडकतो. आकाश पाहून पडदे लावायचे ठरवले तर उशीर होतो. क्षितिजावर धूळ उठलेली दिसली किंवा उकाड्यात एकदम गार झुळूक आली की तीच खूण समजावी. आणि तुमच्या धंद्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे म्हणजे या झोतानंतर 27 अंशांच्या हवेत दवबिंदू 20 झाला, तर सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या आसपास जाते. एक थेंबही न पडता आर्द्रता 27 वरून दुपटीहून जास्त झालेली असते. बेदाण्याला पावसाइतकाच हा बदल भोवतो.

आता 'पर्जन्यवृष्टी' हा मोबाइलवरचा शब्द घेऊ. इंग्रजी मूळ शब्दाचा अर्थ आकाशातून खाली येणारे कोणत्याही रूपातले पाणी असा आहे: पाऊस, रिमझिम, गारा, हिम. मराठीत त्यासाठी 'वर्षण' हा शब्द अधिक नेमका ठरतो, कारण 'पर्जन्य' म्हटले की मनात फक्त पाऊस येतो आणि गारांकडे दुर्लक्ष होते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात जी गारपीट झाली, तिने सोलापूर जिल्ह्यातल्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागाही झोडपल्या. मोजणीच्या वहीत गाराही वितळवून मिलिमीटरमध्येच लिहितात, त्यामुळे वीस मिलिमीटर हा आकडा वाचून पीक उभे आहे की झोपले हे कळत नाही.

'40 टक्के' हा आकडा संभाव्यतेचा आहे. आजसारखी परिस्थिती दहा वेळा आली, तर तुमच्या ठिकाणी त्यातल्या चार वेळा मोजण्याजोगा पाऊस होईल, असा त्याचा अर्थ. तालुक्याच्या चाळीस टक्के भागावर पाऊस पडेल किंवा दिवसाच्या चाळीस टक्के वेळ पडेल, असा तो नाही, आणि पाऊस जोरात पडेल की नुसते शिंतोडे येतील याबद्दलही तो काही सांगत नाही. शिवाय मोबाइलवरचा आकडा बहुधा संगणकाच्या जाळीतल्या एका चौकोनासाठी असतो. आपला वळवाचा ढग त्या चौकोनापेक्षा लहान असू शकतो, म्हणून वळवाच्या दिवसांत मी या आकड्याला पावसाळ्याइतके वजन देत नाही.

हवामान खात्याच्या पत्रकात टक्क्यांऐवजी शब्द असतात आणि ते मोजून ठरवलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या मोजणी केंद्रांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे 75 टक्क्यांपर्यंत, आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. पत्रकात 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' असे असेल आणि तुमच्या गावात थेंबही पडला नाही, तर तो अंदाज खोटा ठरत नाही. चारातली किमान तीन केंद्रे कोरडी राहतील, हे त्याने आधीच सांगितले होते. हेही लक्षात असू द्या की या वाटणीत सोलापूर मध्य महाराष्ट्रात मोडते. मराठवाड्याचा अंदाज शेजारचा म्हणून उपयोगी पडेल, पण तो आपला नव्हे.

पावसाच्या प्रमाणाचे शब्दही असेच ठरलेले आहेत. 24 तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर म्हणजे हलका, 64.4 पर्यंत मध्यम, 64.5 पासून जोरदार. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या शब्दांची मर्यादा अशी की ते पूर्ण दिवसासाठी आहेत. चाळीस मिलिमीटर पाऊस दिवसभर झिरपत पडला तर शेत तो पिते, आणि तोच तासाभरात कोसळला तर नाले भरून रस्त्यावर पाणी येते. वहीत दोन्ही 'मध्यम'च. वळवाच्या बाबतीत म्हणून प्रमाणाच्या शब्दापेक्षा पत्रकातल्या 'सोसाट्याचा वारा' आणि 'ताशी किती किलोमीटर' या शब्दांकडे आधी पाहावे.

राहिला इशारा. चार रंगांपैकी हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग पावसाच्या मिलिमीटरवरून ठरतो असा समज सर्वत्र आहे, पण घटनेने काय हानी होऊ शकते आणि ती घडण्याची शक्यता किती, या दोन्हींचा मेळ घालून रंग दिला जातो. म्हणून पिवळा रंग पाहून 'थोडा पाऊस' असे वाचू नये. कशासाठी पिवळा, हे खालच्या ओळीत असते: विजा, वारा, गारा की उष्णता. तुमच्या त्या दिवशीचा पिवळा रंग वाऱ्यासाठी होता असे मला वाटते, आणि पत्रे उडाले असतील तर तो खरा ठरला.

इशारा आणि सल्ला यांतही फरक आहे. इशारा काय घडणार ते सांगतो, सल्ला त्यावर काय करावे ते सांगतो. शेतकऱ्यांसाठीचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि पुढच्या चार-पाच दिवसांचा विचार करतो. बेदाणा रॅकवर कधी टाकायचा हे ठरवायला तो उपयोगी आहे. आज संध्याकाळी पडदे कधी सोडायचे, याचे उत्तर मात्र त्यात सापडणार नाही. त्यासाठी तीन तासांपुरता दिला जाणारा तात्कालिक अंदाज पाहावा, जो रडारवर ढग दिसू लागल्यावर काढतात, आणि विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अॅप, जे तुमच्या भोवतीच्या 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का ते दाखवते. बाहेरच्या वर्तुळात विजा दिसू लागल्या की पडदे सोडावेत आणि माणसांना पत्र्याखालून व झाडाखालून पक्क्या इमारतीत आणावे.

आपला नमुन्याचा दिवस इथे संपत नाही, कारण त्याची नोंद दुसऱ्या दिवशी होते. पावसाचे माप सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असे धरतात आणि ज्या सकाळी मोजले त्या तारखेखाली लिहितात. 27 तारखेच्या संध्याकाळी तुमच्याकडे पाऊस झाला आणि 27 च्या रकान्यात शून्य दिसले, तर 28 चा रकाना पाहा. तिथे 1.8 मिलिमीटर असेल तर तो दिवस 'पावसाचा दिवस' म्हणून मोजला जाणार नाही, कारण त्यासाठी किमान 2.5 मिलिमीटर लागतात. त्याच सकाळी दोन्ही तापमापी पुन्हा वाचावेत. दवबिंदू 20 वर टिकून असेल तर संध्याकाळसाठी पडदे हाताशी ठेवावेत, आणि तो 11 वर उतरून वारा वायव्येचा झाला असेल तर ओलसर झालेला माल रॅकवर हलवून पुन्हा वाळायला मोकळा करावा.